घंटा किती वेळा वाजली आणि पैसे किती परत आले: जागृती करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यात ऑनलाइन जुगाराविरुद्ध कार्यक्रम घेणारे पोलिस, महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, व्यसनमुक्ती समुपदेशक आणि गणेश मंडळांचे कार्यकर्ते

स.न.वि.वि.

जागृतीच्या फलकांवर आणि भाषणांत एक वाक्य हटकून असते: ‘स्लॉटमध्ये कुणी कधी जिंकत नाही.’ हेतू चांगला असला तरी वाक्य चुकीचे आहे, आणि मोबाइलवर स्लॉट, म्हणजे बटण दाबले की चित्रांची चक्रे फिरतात आणि चित्रे जुळली तर पैसे लागतात असा जुगार, खेळणाऱ्या मुलाला ते चुकीचे आहे हे ठाऊक असते. त्याच्या पडद्यावर दर दोन-तीन डावांत काहीतरी लागते. तुमचे वाक्य त्याच्या हाताखालीच खोटे पडले, की पुढचे खरेही तो ऐकत नाही.

खरी गोष्ट अशी की स्लॉटमध्ये वारंवार लागते आणि तरीही पैसे जातात. वारंवार लागते म्हणूनच ते जाताना कळत नाहीत. हे समजावायला दोन आकडे वेगळे करावे लागतात.

पहिला आकडा म्हणजे हिट फ्रिक्वेन्सी, साध्या भाषेत लागण्याचे प्रमाण. शंभर डावांपैकी किती डावांत काही ना काही परत आले, एवढेच तो सांगतो. ते ‘काही’ किती रुपयांचे होते याच्याशी त्याला देणेघेणे नाही. दुसरा आकडा म्हणजे आरटीपी, रिटर्न टू प्लेयर. लाखो डावांत लावलेल्या एकूण रकमेपैकी किती टक्के रक्कम खेळणाऱ्यांकडे परत जाते, ते हा आकडा सांगतो. गणपती पेठेतल्या दुकानाचे उदाहरण घ्या. दिवसभर गिऱ्हाईक येते, गल्ला सारखा उघडतो, पण शंभराचा माल नव्वदला विकला जातो. गिऱ्हाइके किती आली हा एक हिशेब आणि संध्याकाळी काय उरले हा दुसरा. दुकानदाराला हे सांगावे लागत नाही, कारण तो रात्री बेरीज करतो. स्लॉटवाला बेरीज करत नाही, आणि करू नये अशीच त्या पडद्याची मांडणी असते.

शब्दांनी हे पटत नाही, म्हणून कार्यक्रमात करून दाखवता येईल असा प्रयोग देतो. दोन कापडी पिशव्या घ्या. प्रत्येकीत एकाच आकाराच्या, एकसारख्या घडी घातलेल्या शंभर चिठ्ठ्या टाका. एक डाव म्हणजे दहा रुपये लावून एक चिठ्ठी काढणे.

पहिल्या पिशवीत 60 चिठ्ठ्या कोऱ्या ठेवा. 25 चिठ्ठ्यांवर 4 रुपये, 10 चिठ्ठ्यांवर 20 रुपये, 4 चिठ्ठ्यांवर 50 रुपये आणि एका चिठ्ठीवर 400 रुपये लिहा. बेरीज करून पाहा: 100 अधिक 200 अधिक 200 अधिक 400, म्हणजे 900. शंभर डावांना हजार रुपये लागतात आणि नऊशे परत मिळतात. आरटीपी 90 टक्के, लागण्याचे प्रमाण 40 टक्के.

दुसऱ्या पिशवीत 90 कोऱ्या, 9 चिठ्ठ्यांवर 50 रुपये आणि एकीवर 450 रुपये. बेरीज पुन्हा 900, आरटीपी तोच 90 टक्के. लागण्याचे प्रमाण मात्र फक्त 10 टक्के.

दोन्ही पिशव्या दर डावाला सरासरी एक रुपया खातात. पण दुसऱ्या पिशवीसमोर बसलेला मुलगा वीस डावांत कंटाळून उठेल, आणि पहिलीसमोरचा ‘चालू आहे, चालू आहे’ म्हणत बसून राहील. स्लॉट बनवणारे बहुतेक करून पहिल्या पिशवीकडे का झुकतात, याचे उत्तर यातच आहे.

आता पहिल्या पिशवीतले दहा डाव बघू. खिशात 500 रुपये. चिठ्ठ्या अशा निघाल्या: कोरी, 4, कोरी, कोरी, 4, 20, कोरी, 4, कोरी, कोरी. शिल्लक अशी सरकते: 490, 484, 474, 464, 458, 468, 458, 452, 442, 432. दहा डावांत चार वेळा घंटा वाजली, म्हणजे यंत्र आपल्या प्रमाणाप्रमाणे नेमके वागले. शंभर रुपये लावले, बत्तीस परत आले, अडुसष्ट गेले. घंटा वाजलेल्या चार डावांपैकी शिल्लक वाढली ती एकाच डावात.

चार रुपयांच्या त्या चिठ्ठीवर जरा थांबा. दहा लावून चार परत, म्हणजे सहाचा तोटा. पण पडद्यावर त्या वेळी तोटा दिसत नाही. तिथे ‘WIN 4’ उमटते, नाणी उडतात, धून वाजते. या क्षेत्रात याला ‘विजयाच्या वेषातला तोटा’ म्हणतात. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेळणाऱ्यांच्या त्वचेची विद्युत्-वाहकता मोजली. उत्तेजना आली की घाम सूक्ष्म प्रमाणात सुटतो आणि हा आकडा वर जातो. विजयाच्या वेषातल्या तोट्याला शरीराने दिलेला प्रतिसाद खऱ्या विजयासारखाच निघाला, उघड तोट्यासारखा नव्हे. डोक्याला वजाबाकी येत असली तरी अंगाला घंटाच ऐकू येते.

ही चार रुपयांची चिठ्ठी यंत्रात येते कुठून, हे कळले की बराचसा पडदा उठतो. तिचे मूळ लाइनमध्ये, म्हणजे जिच्यावर सारखी चित्रे जुळली की पैसे मिळतात त्या ओळीत आहे. अमेरिकेत 1890 च्या दशकात चार्ल्स फे यांनी बनवलेल्या जुन्या यंत्रात तीन चक्रे आणि एकच ओळ होती. आज पडद्यावर वीस, पंचवीस किंवा त्याहून जास्त वाकड्यातिकड्या ओळी असतात आणि बेट, म्हणजे डावाला लावलेली रक्कम, त्या सर्वांवर विभागली जाते.

समजा एका ओळीवर लागण्याची शक्यता विसात एक आहे आणि लागले की त्या ओळीवरच्या रकमेच्या अठरा पट मिळते. दहा रुपये एकाच ओळीवर लावले तर शंभर डावांत पाच वेळा लागेल आणि दर वेळी 180 रुपये येतील. पाच गुणिले 180 म्हणजे 900, आरटीपी 90 टक्के. आता तेच दहा रुपये वीस ओळींवर पन्नास-पन्नास पैसे करून पसरा. प्रत्येक ओळीचे गणित तेच, म्हणून एकूण आरटीपी तोच 90. पण आता निदान एका ओळीवर लागण्याची शक्यता पाचावरून सुमारे 64 टक्क्यांवर जाते. (हा आकडा ओळी एकमेकींपासून स्वतंत्र मानून काढला आहे. खऱ्या पडद्यावर चित्रे सामायिक असल्याने तो थोडा वेगळा येईल, पण गोष्ट बदलत नाही.) आणि एका ओळीवर लागले की मिळते काय? पन्नास पैशांच्या अठरा पट, म्हणजे नऊ रुपये. लावले दहा. शंभर डावांपैकी सुमारे 38 डावांत नेमकी एकच ओळ लागते, म्हणजे त्या 38 वेळा ‘जिंकून’ एक रुपया जातो.

पडद्यावर मात्र ‘x18’ असे झळकते. ते अठरा पट एका ओळीवरच्या पन्नास पैशांचे आहे, दहा रुपयांचे नव्हे. कार्यक्रमात पडद्याचे एखादे चित्र दाखवणार असाल तर बोट नेमके या ‘x’ वर ठेवा. बहुतेक मुले ही पट एकूण बेटची समजतात.

आता आरटीपीच्या बाजूला येऊ, कारण गैरसमज तिकडेही आहे. ‘नव्वद टक्के परत मिळतात, म्हणजे पाचशे टाकले तर साडेचारशे तरी उरतील’, असे अनेकांना वाटते. नव्वद टक्के हे खात्यात भरलेल्या रकमेचे नसून लावलेल्या एकूण रकमेचे असतात. परत आलेले पैसे पुन्हा लावले जातात, पुन्हा त्यातला दहावा हिस्सा जातो. चार सेकंदांना एक डाव धरला तर तासाला 900 डाव होतात. दहा रुपयांच्या बेटने तासात 9,000 रुपये फिरतात आणि सरासरी 900 जातात. खिशातले पाचशे रुपये सरासरीने अर्ध्या तासाच्या थोडे पुढे टिकतात. ‘फक्त दहा-दहा रुपयेच लावत होतो’ असे पालकांना सांगणारा मुलगा खोटे बोलत नसतो. त्याने डाव मोजलेले नसतात एवढेच.

शिवाय त्या 90 टक्क्यांत एक दुर्मीळ मोठी चिठ्ठी दडलेली आहे. पहिल्या पिशवीतल्या नऊशे रुपयांपैकी चारशे त्या एका चिठ्ठीवर आहेत. ती निघालीच नाही तर उरलेली पिशवी निम्मेच परत देते. पन्नास डाव खेळणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे साठ जणांना ती एकदाही मिळणार नाही. या साठांपैकी एकाचा सरासरी हिशेब बघा: पन्नास डावांत वीस वेळा घंटा. त्यांत तेरा वेळा 4 रुपये, पाच वेळा 20, दोन वेळा 50. एकूण 252 रुपये परत. पाचशे लावून 248 गेले, आणि हा माणूस सांगतो, ‘लागत होतं की सारखं.’ त्याचे बरोबर आहे. वीस वेळा लागले होते.

आमच्या मते सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात कमी सांगितला जाणारा मुद्दा इथे येतो. लागण्याचे प्रमाण खेळणाऱ्याला स्वतःच्या अनुभवातून कळते, आरटीपी कळत नाही. 40 टक्क्यांच्या पिशवीत शंभर डाव खेळा, घंटा बहुधा तीस ते पन्नासच्या दरम्यान वाजेल. दहा मिनिटांत अंदाज येतो. परताव्याचे तसे नाही. त्याच शंभर डावांत शंभर जणांपैकी सुमारे 37 जणांना मोठी चिठ्ठी मिळत नाही, 37 जणांना एकदा मिळते, 18 जणांना दोनदा आणि 8 जणांना तीनदा किंवा जास्त. म्हणजे एकाला यंत्र पन्नास टक्के देणारे वाटते, दुसऱ्याला नव्वद, तिसऱ्याला एकशेतीस. यंत्र एकच आहे. खरा 90 चा आकडा चार-पाच टक्क्यांच्या फरकाने दिसायला दहा हजार डाव लागतात, म्हणजे अकरा तासांहून अधिक सलग खेळ. ज्यांना ती चिठ्ठी दोनदा-तीनदा लागली त्या पंचवीस-सव्वीस जणांचेच स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरतात. उरलेल्यांचे कोण टाकणार?

माणूस स्वतःच्या अनुभवातून जे मोजू शकतो त्यावरूनच मत बनवतो. इथे मोजता येणारा आकडा खूश करणारा असतो आणि खिसा रिकामा करणारा आकडा दिसायच्या आत पैसे संपतात. लहान लहान जिंकणे म्हणजे पुढे सरकणे वाटते त्याचे कारण हे. एरवी आयुष्यात ते खरेही असते. द्राक्षबागेत रोज थोडे काम झाले तर छाटणी पुढे सरकते, अभ्यासात रोज दोन गणिते सुटली तर धडा संपतो. स्लॉटमध्ये मागचा डाव पुढच्याला काहीच देत नाही. पिशवी दर वेळी पहिल्यासारखी शंभर चिठ्ठ्यांचीच असते.

पडदाही या भासाला मदत करतो. बटण दाबताच दहा रुपये गुपचूप, एका क्षणात वजा होतात. परत येणारे चार मात्र शून्यापासून मोजत, आवाज करत चढतात. जाण्याला आवाज नाही, येण्याला मिरवणूक आहे. ब्रिटनच्या जुगार नियामकाने हे ओळखून ऑनलाइन स्लॉटसाठी ऑक्टोबर 2021 पासून नियमच केला: लावलेल्या रकमेइतके किंवा त्याहून कमी परत आले तर जल्लोषाचा आवाज वा चित्र दाखवायचे नाही, आणि दोन डावांत किमान अडीच सेकंदांचे अंतर ठेवायचे. आपल्याकडे 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद केले आहेत. त्यामुळे आज जी अॅप चोरून चालतात त्यांच्यावर असा कोणताही नियम नाही, आणि त्यांनी छापलेला ‘आरटीपी 96’ कुणी तपासलेला नाही. अमेरिकेत नेवाडाच्या नियमांत किमान परतावा 75 टक्के आणि न्यू जर्सीत 83 टक्के ठरवलेला आहे. चोरट्या अॅपवर 96 लिहिले काय आणि 69 लिहिले काय, विचारणारे कुणी नाही.

आता प्रयोग प्रत्यक्ष कसा करायचा ते. खरे पैसे अजिबात वापरू नका. चिंचोके घ्या, एक चिंचोका म्हणजे दोन रुपये. मुलाला 250 चिंचोके द्या, गल्ल्यात 300 ठेवा. डावाला पाच चिंचोके, चार रुपयांच्या चिठ्ठीला दोन, वीसच्या चिठ्ठीला दहा, पन्नासच्या चिठ्ठीला पंचवीस, चारशेच्या चिठ्ठीला दोनशे. पन्नास डावांना पंधरा ते वीस मिनिटे लागतात. दोन गट करा, दोघांना पहिलीच पिशवी द्या. एका गटात चार रुपयांच्या चिठ्ठीलाही घंटा वाजवा. दुसऱ्यात दहापेक्षा जास्त आले तरच वाजवा. पन्नास डाव झाले की चिंचोके मोजण्याआधी प्रत्येकाकडून दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: किती वेळा जिंकलात आणि आता किती चिंचोके असतील. मग मोजा. एका जोडीवरून काही ठरवू नका, निदान आठ-दहा जोड्यांचे कागद एकत्र ठेवा.

प्रयोग बिघडतो तो बहुधा एकाच ठिकाणी. काढलेली चिठ्ठी परत पिशवीत टाकायला विसरतात. तसे झाले तर शंभर डावांत पिशवी रिकामी होते, मोठी चिठ्ठी हमखास निघते आणि मुले नेमके उलटे शिकतात, की बराच वेळ लागले नाही तर आता लागणारच. म्हणून चिठ्ठी वाचून, घडी घालून, परत टाकून, पिशवी हलवूनच पुढचा डाव. दुसरी चूक म्हणजे चारशेच्या चिठ्ठीला जाड कागद वापरणे. बोटांना ती लगेच सापडते.

समुपदेशकांसाठी एक वेगळी सूचना. ‘किती वेळा जिंकला होतास?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचे उत्तर लागण्याच्या प्रमाणातूनच येते आणि बोलणाऱ्याला पुन्हा त्या घंटेपाशी नेते. बँकेचे किंवा यूपीआयचे मागच्या तीन महिन्यांचे विवरण मागा. त्यात दोनच रकाने करा: अॅपकडे गेले किती आणि अॅपकडून खात्यात आले किती. अॅपमधली शिल्लक धरू नका, बोनस धरू नका, पडद्यावरची ‘एकूण विजय’ नावाची संख्या तर मुळीच धरू नका. त्या संख्येत चार-चार रुपयांचे सगळे तोटे विजय म्हणून जमा असतात. एखाद्याने 5,000 भरून 50,000 चे डाव लावले असतील तर त्याच्या ‘एकूण विजया’त 45,000 दिसू शकतात आणि खाते तरीही रिकामे असते. चोरट्या अॅपमध्ये पैसे बहुधा निरनिराळ्या खात्यांवर मागवले जातात, म्हणून विवरणात अॅपचे नाव शोधून भागत नाही. एकेक नोंद त्याच्यासोबत बसून लावावी लागते.

तेव्हा विनंती एवढीच, की फलकावरचे वाक्य बदला. ‘कुणी जिंकत नाही’ काढा आणि तिथे लिहा: ‘दहा लावून चार आले, त्याला यंत्र जिंकणे म्हणते. तुम्ही काय म्हणाल?’ त्याखाली पिशवीचे ते दहा डाव आणि 500 वरून 432 पर्यंत उतरलेली शिल्लक छापा. गणेशोत्सवात मंडपाशेजारी एक टेबल, दोन पिशव्या आणि चिंचोक्यांचे डबडे ठेवले तर देखाव्याएवढा खर्चही येणार नाही.

टेबलाखाली एक तिसरी पिशवी मात्र तयार ठेवा. तिच्यात 50 कोऱ्या, 40 चिठ्ठ्यांवर 4 रुपये, 6 चिठ्ठ्यांवर 20, 3 चिठ्ठ्यांवर 50 आणि एकीवर 420. घंटा पहिलीपेक्षा जास्त वाजते, शंभरात पन्नास वेळा. खरा फायदा देणाऱ्या चिठ्ठ्या पंधराऐवजी दहाच, आणि परतावा 90 ऐवजी 85 टक्के, म्हणजे तोटा दीडपट. पहिल्या दोन पिशव्या समजल्या म्हणणाऱ्या मुलाला पहिली आणि तिसरी, आतले न सांगता, प्रत्येकी वीस डाव खेळू द्या आणि विचारा, पुन्हा खेळायचे झाले तर कोणती घेशील. तो काय म्हणतो ते लिहून ठेवा आणि मगच चिठ्ठ्या टेबलावर ओता.

आपले,
संख्याशास्त्राचे काही शिक्षक
विश्रामबाग, सांगली